हायफन हवा की नको, हे आधी मराठीत विचारून बघा

प्रश्न: मी एका कंपनीत इंग्रजी कंटेंट लिहितो, शाळा मराठी मीडियमची. आमचे एडिटर एका पानावर 'वेल नोन' मध्ये हायफन टाकायला लावतात आणि पुढच्या पानावर तोच हायफन काढायला लावतात. विचारलं तर म्हणतात, सवयीने कानाला कळतं. मला नाही कळत. हायफन लागतो की नाही हे तपासायची काही खात्रीची पद्धत आहे का? आणि वर्ड जी निळी रेघ दाखवतं तिचं ऐकायचं का?

उत्तर:

तुमचे एडिटर बहुतेक दोन्ही वेळा बरोबर होते, फक्त त्यांना कारण सांगायचा कंटाळा आला असणार. मी एकोणीस वर्षं इंग्रजी पुस्तकांचं कॉपी एडिटिंग करतेय, दहावीपर्यंत माझंही सगळं मराठीतच झालं, आणि पहिली दोन-तीन वर्षं मीही हायफन अंदाजाने टाकायचे, म्हणजे एका चॅप्टरमध्ये जास्त झाले असं वाटलं की पुढच्यात कमी टाकायचे, जेवणात मीठ टाकतात तसं. मग एकदा एका फर्निचरवाल्याच्या वाक्यावर अडकले आणि तिथे मला मराठीच उपयोगी पडली. ती युक्ती आजही वापरते, तीच आधी सांगते.

वाक्यात 'ओल्ड फर्निचर डीलर' असं होतं. आता याचे दोन अर्थ होतात. मराठीत सांगायला गेलात तर तुम्हाला अर्थ निवडावाच लागतो, सुटका नाही. 'जुन्या फर्निचरचा डीलर' म्हणाल किंवा 'फर्निचरचा जुना डीलर' म्हणाल. पहिल्यात 'जुन्या' झालं, कारण तो शब्द फर्निचरला चिकटला आणि त्याच्याबरोबर त्याचंही सामान्यरूप झालं. दुसऱ्यात 'जुना' राहिलं, कारण तो डीलरला चिकटलाय. म्हणजे कोण कोणाचं हे आपल्याकडे शब्दाचं शेपूटच सांगतं. इंग्रजीत 'ओल्ड' काहीही झालं तरी 'ओल्ड'च राहतो, त्याला शेपूट नाही, मग ते काम हायफनला करावं लागतं. जुन्या फर्निचरचा डीलर असेल तर 'ओल्ड-फर्निचर डीलर', आणि डीलरच म्हातारा किंवा जुना असेल तर हायफन नाही, 'ओल्ड फर्निचर डीलर'. एवढंच काम आहे त्या आडव्या रेघेचं. नामाच्या आधी दोन शब्द आले आणि ते आधी एकमेकांशी जोडून मग मिळून नामाला लागत असतील तर मध्ये हायफन. दोघं वेगवेगळे थेट नामाला लागत असतील तर नाही.

म्हणून माझी पहिली तपासणी ही. ती इंग्रजी शब्दांची रांग मनात मराठीत करायची, अगदी ओबडधोबड चालेल, आणि पहिला शब्द कोणाला चिकटतोय ते बघायचं. 'बिग रेड बस' म्हणजे मोठी लाल बस. 'मोठी' पण बसला, 'लाल' पण बसला, मोठी-लाल असं काही नसतं, हायफनचा प्रश्नच नाही. 'ब्राइट-रेड बस' म्हणजे भडक लाल रंगाची बस, बस स्वतः भडक नाहीये, रंग भडक आहे, म्हणून हायफन. 'मॅन-ईटिंग टायगर' म्हणजे नरभक्षक वाघ, आपण तर चक्क समास करून एकच शब्द लिहितो. आणि मराठीत समास करून जिथे जोडून लिहावंसं वाटतं तिथे इंग्रजीत बहुतेक वेळा हायफन असतो हेही लक्षात ठेवा, 'जगप्रसिद्ध', 'बर्फाच्छादित' यांचे इंग्रजी अवतार काढून बघा, 'वर्ल्ड-फेमस', 'स्नो-कव्हर्ड', दोन्हीत हायफन.

इथे मराठी माणसाचा एक घोळ होतो तोही सांगून टाकते. मराठीत आपण हायफन कुठे टाकतो? 'आई-वडील', 'चहा-पाणी', 'येणं-जाणं'. म्हणजे जिथे मध्ये 'आणि' दडलेला असतो तिथे. त्या सवयीने लोक इंग्रजीतही दोन विशेषणं शेजारी आली की रेघ मारतात, 'हार्डवर्किंग-ऑनेस्ट कॅन्डिडेट' असं मी रेझ्युमेमध्ये स्वतः वाचलंय. नको. मध्ये 'अँड' घालून वाक्य नीट वाचता येत असेल तर तिथे सहसा स्वल्पविराम लागतो, हायफन नाही. 'वेल अँड नोन रायटर' म्हणता येतं का? नाही. म्हणून तिथे हायफन. हीच 'अँड'ची टेस्ट, मराठीची टेस्ट जमली नाही तर ही करा.

आता तुमचा 'वेल-नोन रायटर'. खरं सांगायचं तर हायफन नसला तरी तो कोणी चुकीचा वाचणार नाही, 'वेल रायटर' म्हणजे विहीर लिहिणारा किंवा तब्येतीने बरा लेखक असा अर्थ कोणी काढत नाही. तिथला हायफन गैरसमज टाळायला कमी आणि रिवाज म्हणून जास्त आहे. पण रिवाज पक्का आहे, 'वेल', 'बेटर', 'बेस्ट', 'इल', 'लिटल', 'मच' असे शब्द पुढच्या शब्दाला धरून नामाच्या आधी आले की हायफन, 'बेस्ट-नोन रायटर', 'मच-नीडेड पाऊस'. आणि यातल्या काहींना हायफन खरंच गरजेचा असतो. 'लिटल-यूज्ड कार' म्हणजे फार न वापरलेली गाडी, हायफन काढला की 'लिटल यूज्ड कार', म्हणजे छोटीशी सेकंडहँड गाडी. जाहिरातीत एवढा फरक पुरतो भांडायला.

मग तोच हायफन पुढच्या पानावर का काढायला लावला? कारण तिथे बहुधा 'द रायटर इज वेल नोन' असं असणार. नामाच्या नंतर, क्रियापदाच्या पलीकडे शब्द गेले की गोंधळाची जागाच उरत नाही, पुढे कुठलं नाम नाही ज्याला 'वेल' चुकून चिकटेल, म्हणून हायफन गळतो. 'अ वेल-नोन रायटर' पण 'द रायटर इज वेल नोन'. 'अन अप-टू-डेट लिस्ट' पण 'द लिस्ट इज अप टू डेट'. शिकागो मॅन्युअल, म्हणजे अमेरिकन पुस्तकवाल्यांचं स्टाइलबुक, हेच सांगतं, त्याच्या सतराव्या आवृत्तीत ७.८९ नंबरखाली हायफनचा एक लांबलचक तक्ता आहे, या धंद्यातले बरेच लोक तो प्रिंट काढून भिंतीला लावतात, माझ्याकडे तर लॅमिनेट केलेला आहे, चहाच्या डागांसकट. पण सगळे असं करत नाहीत. एपी, म्हणजे अमेरिकन वर्तमानपत्रांचं स्टाइलबुक, अनेक वर्षं 'द मॅन इज वेल-नोन' असा नंतरही हायफन ठेवायला सांगायचं. शिवाय मेरियम-वेबस्टर डिक्शनरीत 'वेल-नोन' हायफनसकटच नोंदवलाय, त्यामुळे डिक्शनरी उघडून दाखवणारा माणूस म्हणतो बघा हायफन आहे, आणि दोघं आपापल्या जागी बरोबर. तुम्ही एकच करा, तुमच्या कंपनीत कुठलं स्टाइलबुक धरलंय ते एकदा विचारून घ्या. काहीच धरलेलं नसेल तर शिकागोसारखं चाला, आधी असेल तर हायफन, नंतर असेल तर नाही.

आता दुसरी गोष्ट, जिच्यावर सगळ्यात जास्त लाल शाई जाते. 'एल वाय' ने संपणारं क्रियाविशेषण. 'न्यूली बिल्ट ब्रिज', 'हायली रिगार्डेड डॉक्टर', 'फुली ऑटोमेटेड प्लँट'. इथे हायफन नाही, नामाच्या आधी असला तरी नाही. परत मराठीत बघा म्हणजे पाठ करायला लागणार नाही. 'नव्याने बांधलेला पूल'. 'नव्याने' मधला 'ने' बघा, हा शब्द पुलाला चिकटूच शकत नाही, 'नव्याने पूल' असं कोणी म्हणत नाही, तो 'बांधलेला'कडेच जाणार. म्हणजे शेपूट आलं, काम झालं, हायफन कशाला? इंग्रजीतलं 'एल वाय' म्हणजे आपलं हेच 'ने' समजा. जिथे शब्द स्वतः सांगतो की मी नामाचा नाही, तिथे रेघ फुकट जाते. 'वेल'ला असं शेपूट नाही म्हणून त्याला हायफन लागतो, 'हायली'ला आहे म्हणून नाही. मला हा फरक कोणी सांगितला नव्हता, मी आपली दोन्ही नियम वेगवेगळे घोकत बसले होते.

पण 'एल वाय' दिसलं की लगेच हायफन उडवू नका. 'फॅमिली', 'अर्ली', 'फ्रेंडली' यांच्या शेवटीही 'एल वाय' आहे पण ती आपली 'ने'वाली मंडळी नाहीत. फॅमिली तर सरळ नाम आहे. 'फॅमिली-ओन्ड हॉटेल' म्हणजे कुटुंबाच्या मालकीचं हॉटेल, हायफन हवा. 'फ्रेंडली-लुकिंग डॉग', हवा. 'अर्ली-मॉर्निंग वॉक', हवा. चाचणी सोपी आहे, 'एल वाय' काढून बघा, मागे विशेषण उरतंय का. 'हायली' मधून 'हाय' उरतं, 'न्यूली' मधून 'न्यू' उरतं. 'फॅमिली' मधून 'फॅमि' उरतं, जे काहीच नाही. 'फ्रेंडली' मधून 'फ्रेंड' उरतं, पण ते नाम आहे, त्यामुळे 'फ्रेंडली' हे विशेषणच झालं. 'अर्ली'ची मात्र गंमत आहे, त्यातून काहीच नीट उरत नाही, तो पाठच करा. आणि 'व्हेरी'ला कधीच हायफन लावू नका, 'व्हेरी-गुड स्टुडंट' हे रिपोर्ट कार्डातसुद्धा बघितलंय.

'मोअर' आणि 'मोस्ट'बद्दल थोडं जपून. सहसा यांना हायफन नाही, 'मोस्ट एफिशियंट मेथड', 'मोअर थरो चेकअप'. पण नाम अनेकवचनी असेल तर दोन अर्थ निघू शकतात. 'वी नीड मोअर क्वालिफाइड टीचर्स'. मराठीत 'आम्हाला आणखी पात्र शिक्षक हवेत', म्हणजे संख्येने आणखी, की 'आम्हाला जास्त पात्रतेचे शिक्षक हवेत'? शाळेच्या ट्रस्टींसाठी या दोन वाक्यांचा खर्च वेगळा आहे. दुसरा अर्थ असेल तर 'मोअर-क्वालिफाइड' असा हायफन चालतो. मी स्वतः तिथे हायफनवर विसंबत नाही, वाक्यच बदलते, कारण वाचणारा तो हायफन बघेलच याची खात्री नसते.

आता जरा मराठीच्या टेस्टची मर्यादा सांगते, नाहीतर तुम्ही सगळीकडे हायफन पेरत सुटाल. 'हायस्कूल स्टुडंट', इंग्रजीत 'हाय' आणि 'स्कूल' हे दोन शब्द आहेत. टेस्ट लावली तर 'हायस्कूलचा विद्यार्थी', 'हाय' हा 'स्कूल'लाच चिकटतो, म्हणजे हायफन हवा? तरी इथे बहुतेक जण टाकत नाहीत. 'इन्कम टॅक्स ऑफिसर', 'रिअल इस्टेट एजंट', 'लाइफ इन्शुरन्स पॉलिसी', सगळ्यांचं तेच. कारण ही जोडी आधीच घट्ट झालेली आहे, ती डिक्शनरीत सुट्टी पण एकत्र, स्वतःच नाम म्हणून उभी आहे. 'हाय' विद्यार्थ्याला चिकटवून उंच विद्यार्थी असा अर्थ कोणाच्या डोक्यातच येत नाही. म्हणून टेस्टमध्ये जोडी सापडली की दुसरा प्रश्न विचारायचा, ही जोडी डिक्शनरीत नाम म्हणून सुट्टी लिहिलेली आहे का? असेल आणि चुकीचं वाचायला वाव नसेल तर तशीच सुट्टी ठेवा.

आणि डिक्शनरी ताजी वापरा हो. २००७ साली शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची सहावी आवृत्ती आली तेव्हा तिच्यातून सुमारे १६,००० शब्दांचे हायफन काढले होते. 'आइस-क्रीम'चे दोन सुट्टे शब्द झाले, 'बम्बल-बी' आणि 'क्राय-बेबी' जोडून एक झाले. त्यातली बरीचशी नामं होती, पण मुद्दा तोच की हायफन हा बहुतेक वेळा मधला मुक्काम असतो, शब्द आधी सुट्टे येतात, मग रेघेने बांधले जातात, मग एकतर जुळून जातात नाहीतर रेघ पडून परत सुट्टे होतात. वडिलांच्या जुन्या डिक्शनरीतून हायफन शोधून एडिटरशी वाद घालू नका, मी घातलाय, हरलेय.

आकड्यांचं प्रकरण मात्र आपल्याला सोपं जातं कारण मराठीत अगदी तसंच चालतं. 'तीनमजली इमारत' म्हणतो आपण, 'तीन मजले इमारत' नाही. 'चारचाकी गाडी', 'पंचवार्षिक योजना'. तेच इंग्रजीत 'थ्री-स्टोरी बिल्डिंग', 'फाइव्ह-इयर प्लॅन', 'टेन-पेज रिपोर्ट'. हायफन आला की अनेकवचनाचा 'एस' जातो. 'टेन-पेजेस रिपोर्ट' ही चूक फार दिसते. वयाला दोन हायफन लागतात, 'फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय', पण 'द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड', तिथे हायफन गेला आणि 'एस' परत आला. दोन आकडे एकाच शब्दाला लागत असतील तर पहिल्याचा हायफन लोंबकळत ठेवायचा, 'टू- अँड थ्री-बेडरूम फ्लॅट्स', पहिल्या हायफननंतर स्पेस असतो, ती चूक नाहीये, तो हायफन पुढच्या 'बेडरूम'ची वाट बघतोय. टक्क्यांना हायफन नको, 'टेन परसेंट रेज'. आणि एककाचं चिन्ह लिहिलं, म्हणजे नुसतं किग्रॅ, तर हायफन नाही, एकक अक्षरांत लिहिलं की हायफन. टाइप करताना ते असं दिसतं:

```
a 5 kg bag
a five-kilogram bag
a 10 percent raise
```

नुसतं सांगून भागणार नाही, आता एक पॅरा घेऊन बसू. कोणाचा म्हणून नाही, मी शिकवताना वापरते तो, बनवलेला आहे, पण यातली प्रत्येक चूक मी खऱ्या कागदावर पाहिलेली आहे.

```
The Pune based company has launched a fully-automated,
easy to use billing app for small business owners.
The app, built by a well known team, is up-to-date and
works on five year old phones. Two and three month
plans are available.
```

पहिली 'पुणे बेस्ड कंपनी'. पुण्यात असलेली कंपनी, 'पुणे' आणि 'बेस्ड' मिळून एक, नामाच्या आधी, हायफन हवा. जर 'नवी मुंबई बेस्ड' असतं तर जरा पंचाईत, कारण हायफन फक्त 'मुंबई'लाच धरतो आणि 'नवी' बाहेर राहतो. शिकागोवाले तिथे हायफनऐवजी किंचित लांब एन डॅश टाकतात, इतर बरेच जण हायफनवरच भागवतात, आणि मी 'अ कंपनी बेस्ड इन नवी मुंबई' असं करून मोकळी होते.

'फुली-ऑटोमेटेड'. 'पूर्णपणे स्वयंचलित'. 'पूर्णपणे' म्हणजे आपलं शेपूटवालं, शेवटचा 'वाय' काढला की 'फुल' उरतं, विशेषण आहे. हायफन उडवा. त्यानंतरचा स्वल्पविराम राहू दे, कारण 'ऑटोमेटेड अँड ईझी-टू-यूज' म्हणता येतं.

'ईझी टू यूज बिलिंग अॅप'. वापरायला सोपं अॅप. तीन शब्द मिळून एक विशेषण, नामाच्या आधी, म्हणून दोन्ही जागी हायफन. लोक यात एकच टाकतात, 'ईझी-टू यूज', अर्धा दरवाजा लावल्यासारखा, पूर्ण टाका. 'बिलिंग'च्या आणि 'अॅप'च्या मध्ये मात्र काही नको.

'स्मॉल बिझनेस ओनर्स'. छोट्या धंद्याचे मालक, का धंद्याचे छोटे मालक? अर्थात पहिलं. टेस्टप्रमाणे हायफन येतो, पण 'स्मॉल बिझनेस' ही जोडी आता इतकी रुळलीय की बरेच जण सुट्टी ठेवतात. दोन्ही चालतं. माझं मत विचाराल तर मी टाकते, कारण बुटक्या मालकांवरचा विनोद एकदा ऐकला की विसरता येत नाही. पण एका डॉक्युमेंटमध्ये सगळीकडे एकच ठेवा, कव्हरवर हायफन आणि आत नाही असं नको.

'वेल नोन टीम'. नामाच्या आधी. टाका. आणि लगेच पुढे 'इज अप-टू-डेट', नामाच्या नंतर, 'अॅप' मागे राहिलं, पुढे नाम नाही. काढा. हेच ते, एका पानावर टाक आणि दुसऱ्या पानावर काढ, इथे तर एकाच वाक्यात.

'फाइव्ह इयर ओल्ड फोन्स'. यात तीन अर्थ लपलेत. पाच वर्षं जुने फोन, किंवा प्रत्येकी एक वर्ष जुने असे पाच फोन, किंवा अगदीच ताणलं तर पाच वर्षांच्या मुलांचे फोन. इथे पहिलाच अर्थ हवाय, जुन्या फोनवरसुद्धा चालतं असं सांगायचंय, म्हणून 'फाइव्ह-इयर-ओल्ड'. दुसरा अर्थ असता तर 'फाइव्ह' सुटा राहिला असता आणि फक्त 'इयर-ओल्ड'मध्ये हायफन आला असता. एका रेघेच्या जागेवरून पाच वर्षं की एक वर्ष ठरतंय, अशा जागी मात्र अंदाज चालत नाही.

शेवटचं 'टू अँड थ्री मंथ प्लॅन्स'. दोन महिन्यांचे आणि तीन महिन्यांचे. लोंबकळणारा हायफन हवा, नाहीतर दोन असं काहीतरी आणि शिवाय तीन महिन्यांचे प्लॅन असं वाचलं जातं. झाला पॅरा:

```
The Pune-based company has launched a fully automated,
easy-to-use billing app for small-business owners.
The app, built by a well-known team, is up to date and
works on five-year-old phones. Two- and three-month
plans are available.
```

एवढ्या पाच ओळीत तीन हायफन गेले आणि नऊ आले. मोजून बघा हवं तर.

आता वर्डच्या निळ्या रेघेचं. तिचं ऐका, पण ती म्हणेल तेच करू नका. तिला पॅटर्न कळतो, म्हणजे 'वेल' नंतर 'नोन' नंतर नाम आलं की ती बऱ्याचदा बरोबर ओरडते, 'एल वाय'नंतर हायफन आला तरी बऱ्याचदा ओरडते. पण 'ओल्ड फर्निचर डीलर'मध्ये तुम्हाला कोण म्हातारं म्हणायचंय हे तिला कसं कळणार? ती गप्प बसते, आणि रेघ नाही म्हणजे सगळं ठीक असं आपण समजतो, धोका तिथे आहे. 'फाइव्ह इयर-ओल्ड फोन्स'वरही ती तक्रार करेलच असं नाही, कारण व्याकरणाने ते बरोबरच आहे, फक्त फोन वेगळे झाले.

म्हणून मी काम संपत आलं की फाइंडमध्ये काही तुकडे टाकून सगळं डॉक्युमेंट एकदा फिरते. हे ते तुकडे:

```
ly-
well-
based
year old
long term
```

पहिल्यात क्रियाविशेषणाच्या मागे चुकून लागलेले हायफन सापडतात. दुसऱ्यात नामाच्या नंतर आलेला 'वेल-नोन' पकडला जातो, प्रत्येक ठिकाणी पुढे नाम आहे का तेवढं बघायचं. 'बेस्ड' आणि 'इयर ओल्ड' यांत राहिलेले हायफन दिसतात. 'लाँग टर्म' थोडा फसवा आहे, 'इन द लाँग टर्म' मध्ये 'टर्म' हेच नाम आहे म्हणून हायफन नाही, पण 'लाँग-टर्म प्लॅन'मध्ये आहे, त्यामुळे एकेक थांबून बघावा लागतो. आणखी एक, पीडीएफमधून कॉपी केलेला मजकूर असेल तर ओळीच्या शेवटी शब्द तोडताना आलेले हायफनही बरोबर येतात, 'अव्हेल-एबल' सारखे, ते या यादीत सापडणार नाहीत, ते डोळ्यांनीच काढायचे. आणि 'वेल-नोन' ओळीच्या शेवटी तुटू नये असं वाटत असेल तर वर्डमध्ये न तुटणारा हायफन मिळतो, विंडोजवर तो असा टाकायचा:

```
Ctrl+Shift+-
```

मात्र तो साध्या हायफनहून वेगळा मानला जातो, त्यामुळे साधा हायफन घालून शोधलं तर तो सापडेलच असं नाही, यात माझा एकदा अर्धा दिवस गेलाय.

फाइंड करा पण 'रिप्लेस ऑल' करू नका. माझ्या पहिल्या मोठ्या पुस्तकात, शेतीच्या अर्थकारणावर होतं, तीनशेच्या वर पानं, लेखकाने प्रत्येक क्रियाविशेषणाला हायफन लावला होता. मी हुशारी केली, 'एल वाय हायफन' शोधून त्या जागी 'एल वाय' आणि स्पेस, आणि एका बटणात सगळं साफ. मोठ्या समाधानाने फाइल पाठवली. चार दिवसांनी लेखकाचा फोन, म्हणाले, ''मॅडम, माझा मान्सून कुठे गेला?'' मला काही समजेना. त्यांनी पान नंबर सांगितला, बघितलं तर जिथे जिथे 'जुलाय-ऑगस्ट' होतं तिथे 'जुलाय ऑगस्ट' झालेलं, जुलैचाही शेवट 'एल वाय'च की, आणि पेरणीचे सगळे तक्ते त्या दोन महिन्यांचे. 'फॅमिली-ओन्ड' शेतंही गेली होती, ती वेगळीच. परत सगळी पानं उघडून एकेक हायफन हाताने बसवला, रात्री दोनपर्यंत. तेव्हापासून त्या डायलॉगमध्ये माझं बोट फक्त 'फाइंड नेक्स्ट'वर जातं.